फीच्या कराराची नव्वद वर्षे: टक्केवारीकडून ठरलेल्या रकमेकडे

रस्त्यावरच्या अपघातात घरचा कर्ता माणूस गेला, की शिरड शहापूरसारख्या गावातल्या कुटुंबाला भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. तिथे वकिलाच्या फीची बोली बहुतेक तोंडीच होते आणि ती टक्क्यांत होते: आत्ता काही देऊ नका, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण 1926पासूनचे कायदे आणि निकाल ओळीने पाहिले, तर वकीलपत्राबरोबर होणाऱ्या फीच्या करारात हेच कलम सर्वांत कच्चे ठरलेले दिसते. 1926च्या वकील फी कायद्याने वकिलाला अशिलाशी खासगी करार करून फी ठरवण्याची आणि ती बुडाल्यास दावा लावण्याची मुभा दिली. मुभा मोठी होती, पण तिला कुंपण पडायला फार वेळ लागला नाही. 1954 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका वकिलाचे प्रकरण आले. वसूल होईल त्यातला निम्मा वाटा घेण्याचा करार त्याने केला होता. न्यायालयाने हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, कारण वकील निकालात भागीदार झाला की कोर्टाला आणि अशिलाला निखळ सल्ला देण्याची त्याची मोकळीक जाते. पुढे बार कौन्सिलच्या नियमांतही निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि दाव्यातल्या रकमेत वाटा घ्यायला बंदी आली.

तरी व्यवहार थांबला नाही, हे 2017च्या बी. सुनीता विरुद्ध तेलंगण राज्य या निकालातून कळते. 1998 साली पती अपघातात गेलेल्या एका महिलेकडून तिच्या वकिलाने भरपाईच्या टक्केवारीने फी मागितली होती. तिने दिलेला दहा लाखांचा धनादेश वटला नाही, तेव्हा तिच्यावरच फौजदारी खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि अशी मागणी कायद्याने वसूल होण्यासारखे देणेच नाही, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे या कलमाने अशील अडकतो, आणि वकिलाच्या हातीही पक्के काही लागत नाही.

यावर आक्षेप येतो तो खरा आहे: टक्केवारी नसेल तर पैसे नसलेल्या माणसाने वकील लावायचा कसा? अमेरिकेत अशी फी चालते, मग इथे का नको? पण गरिबाची अडचण असते ती पैसे कधी द्यायचे याची. किती द्यायचे हे निकालावर सोडल्याने ती सुटत नाही. रक्कम आधी ठरवून ती हप्त्यांनी घेता येते. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. विधवेने दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीत चौकशी करणे म्हणूनच महत्त्वाचे. टक्केवारीचा फटका किती, हे आकड्यांत पाहू. समजा भरपाई बारा लाख ठरली आणि न्यायाधिकरणाने त्यातले आठ लाख मुदत ठेवीत ठेवायला लावले. अशिक्षित वारस आणि लहान मुलांच्या बाबतीत असे होते. हातात आले चार लाख, आणि पंचवीस टक्क्यांची मागणी मात्र पूर्ण बारा लाखांवर, म्हणजे तीन लाख. घरी राहतो एक लाख.

याऐवजी कलम असे लिहिता येईल: "दावा तयार करून दाखल करणे 10,000 रुपये, पुरावा आणि साक्षी पूर्ण होईपर्यंत 15,000 रुपये, युक्तिवाद 10,000 रुपये, एकूण फी 35,000 रुपये. निकाल काहीही लागला तरी ही रक्कम बदलणार नाही. अपील हे वेगळे काम समजून त्याची फी वेगळी ठरेल." आकडे उदाहरणाचे आहेत, पण टप्पे कोर्टातल्या कामाच्याच क्रमाने असावेत, म्हणजे दावा मध्येच सुटला तर कुठपर्यंतची फी देणे लागते याचा वाद होत नाही. खर्च फीत मिसळू नये. नकला, टायपिंग, प्रवास, डॉक्टर साक्षीदाराचे मानधन यासाठी घेतलेली रक्कम वेगळी लिहावी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पैसे फीचे की खर्चाचे हे वकिलाच्या हिशेबात नोंदले पाहिजे, आणि दावा चालू असताना खर्चाची रक्कम अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाही. म्हणून पावतीवर नुसते "मिळाले" न लिहिता "खर्चापोटी" किंवा "दुसऱ्या टप्प्याच्या फीपोटी" असे लिहून घ्यावे.

टक्केवारीवरची बंदी वकिलापुरतीच नाही. सनदी लेखापालांच्या कायद्यातही निकालावर बेतलेल्या फीला, ठरावीक अपवाद सोडले तर, बंदी आहे. "फी पूर्ण मिळेपर्यंत कागद परत दिले जाणार नाहीत" हे वाक्य वकिलाच्या करारात घालण्यातही अर्थ नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की थकलेल्या फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फी राहिली असेल तर ती मागायला 1926च्या कायद्यातला दाव्याचा मार्ग आहेच. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मात्र अशिलाने मागताच त्याच्या हातात पडला पाहिजे, आणि तसे करारात लिहिलेले असावे.