पाच किलो डाळ, दोनशे ताटं

पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मेस समितीची बैठक भरली होती. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने बोलायला पाच मिनिटं मागून घेतली. तिची मागणी एवढीच होती, की फळ्यावर मेन्यूशेजारी प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि प्रथिनंही लिहावीत.

“मॅडम, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कोठीची वही पुरते,” असं म्हणून तिने आदल्या रात्रीचा हिशेब मांडला. जेवायला दोनशे जणी होत्या आणि वरणासाठी पाच किलो तूरडाळ काढली होती. म्हणजे एकीच्या वाट्याला पंचवीस ग्रॅम डाळ आली. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे वरणातून मिळाली जेमतेम साडेपाच ग्रॅम. मोजायची ती कच्ची डाळच. शिजवताना पाणी घातलं की वाटी भरते, प्रथिनं वाढत नाहीत.

चपातीचा हिशेब ऐकून समितीतल्या बऱ्याच जणी चमकल्या. तीस ग्रॅम कणकेच्या एका चपातीत तीन ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं आणि शंभरच्या आसपास कॅलरी असतात. दोन चपात्या वाटीभर वरणाहून जास्त प्रथिनं देतात. मग ‘वजन वाढतंय’ म्हणून भात सोडून दोनच चपात्या खाणारीला बटाट्याची भाजी धरूनही जेमतेम तेरा ग्रॅम मिळतात. दोन्ही वेळचं जेवण असंच झालं, तर बेरीज सव्वीस होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. उरलेली वीस ग्रॅम नाश्त्याच्या पोह्यांतून भरून निघत नाहीत.

त्याच रात्री भाजी-फोडणीला चार लिटर तेल लागलं होतं. दरडोई त्याच्या दीडशेहून जास्त कॅलरी होतात. दीड चपातीएवढ्या या कॅलरी ताटात दिसतही नाहीत.

आचारीकाकांची शंका रास्त होती. पातेल्यात वर पातळ आणि खाली घट्ट वरण असतं, मग आकडा कुणाचा खरा? तो सरासरीचाच असणार, हे तिने मान्य केलं आणि वाढताना डाव तळापासून ढवळून घ्यावा, असं सुचवलं. आकडे पूर्ण ताटाचे न देता एका चपातीचे, एका वाटीचे द्यावेत, कारण प्रत्येकीचं ताट वेगळं असतं. कॅलरी वाचून काही मुली आणखी कमी खातील, ही वॉर्डन मॅडमची काळजीही खोटी नव्हती. म्हणून प्रथिनं आधी आणि ठळक लिहावीत, असं तिचं म्हणणं पडलं.

मोठ्या साखळी उपाहारगृहांना मेन्यूवर कॅलरी छापणं 2022 पासून बंधनकारक आहे. तिथे माणूस कधीतरी जातो. मेसमध्ये मुली रोज दोन वेळा जेवतात. समित्यांनी निदान रात्रीच्या जेवणापासून, महिनाभर तरी हे करून पाहावं. वही कोठीत आहेच, खडूही आहे.