सतरा तुकड्यांची सही

खिशात नोट असेल तर जरा बाहेर काढा. एक रुपयाची सोडून कितीचीही चालेल. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या दोन सह्या दिसतील, एक देवनागरीत आणि एक इंग्रजीत. आता फक्त एवढंच बघा, कुठल्या सहीत पेन कागदावरून जास्त वेळा उचललं गेलंय? बहुतेक देवनागरीतल्याच. हा दोष लिहिणाऱ्याचा नाही. रोमन लिपीतलं जोडअक्षरी लिखाण शाळेत शिकवतात, देवनागरीचं कुणी शिकवत नाही. म्हणून आपल्यातले बरेचजण मराठीत सही करायची म्हटलं की चक्क नाव लिहून मोकळे होतात. किंवा मग कंटाळून इंग्रजी सहीकडे वळतात.

यात वाईट असं काही नाही, पण नुसतं नाव लिहिलं की सही दरवेळी वेगळी येते. कारण साधं आहे. पेन जितक्या वेळा उचलाल, तितक्या वेळा ते पुन्हा कुठे टेकवायचं हे हाताला नव्याने ठरवावं लागतं. दरवेळी थोडी चूक होते आणि त्या चुका साठत जातात. त्यामुळे सही एकसारखी यायला हवी असेल, तर आधी हे टेकवणं कमी करायला हवं. अक्षर सुंदर आहे की नाही, हा नंतरचा प्रश्न.

एक नाव घेऊन बघू. समजा, नाव आहे 'सायली मोरे'. शाळेत गिरवलं तसं लिहा आणि रेघा मोजा. 'स'चा डावा भाग, मधली आडवी रेघ, उभी रेघ, झाल्या तीन. मग काना. 'य'च्या दोन, 'ल'च्या दोन, वेलांटी, वरची शिरोरेषा. एकट्या 'सायली'त दहा. 'मोरे'त 'म'च्या दोन, काना, मात्रा, 'र', पुन्हा मात्रा आणि शिरोरेषा, म्हणजे सात. एकूण सतरा तुकडे! तुमच्या हाताच्या सवयीनुसार एखाद-दुसरा इकडे तिकडे होईल. पण हे सतरा तुकडे घाईत, परीक्षेच्या हजेरीपत्रकावरच्या बोटभर चौकटीत, रोज त्याच जागी बसणार नाहीत.

आता तेच नाव वाहतं करू. देवनागरीत अडचण अशी की बहुतेक अक्षरांची उभी रेघ खाली संपते आणि पुढचं अक्षर वरून सुरू होतं. म्हणून पेन हवेतून वर जातं. ते कागदावरूनच वर न्यायचं, एवढीच युक्ती. 'स'ची आडवी रेघ उजवीकडे आली की उचलू नका. वर जा, त्याच रेषेवरून खाली या, तळाशी छोटं वळण घेऊन पुन्हा वर चढा आणि खाली उतरा. हा झाला काना. तसंच वळण घेऊन 'य'च्या डोक्यावर जा, त्याची वाटी काढा, उभ्या रेघेवर चढून उतरा, पुढे 'ल'.

'ल'पाशी थांबून नीट बघा, कारण या नावातली सगळ्यात भारी जागा इथे आहे. 'ल'ची उभी रेघ खाली नेलीत की त्याच रेषेवरून वर चढा. पण शिरोरेषेपाशी थांबू नका. तशीच वर जाऊ द्या, उजवीकडे उंच कमान घ्या आणि सरळ खाली या. वेलांटी तयार! अख्खं 'सायली' एका रेघेत झालं आणि सहीला एक खूणही मिळाली. ही कमान अक्षराच्या दुप्पट उंच ठेवली तर लांबूनही ओळखू येते.

'मोरे'त तेच तत्त्व. 'म'ची उभी रेघ खाली आली की वळा आणि काना खालून वर चढवा. वर गेल्यावर तोच डावीकडे झुकवला की मात्रा झाली, म्हणजे 'मो' एका रेघेत. (ही मात्रा कंटाळा करून गाळू नका, नाहीतर मोऱ्यांचे 'मारे' होतील.) मग 'र' सुटा. शेवटी फक्त 'मोरे'वर शिरोरेषा, डावीकडून उजवीकडे, आणि 'र'च्या डोक्यावर पोचली की उलटी फिरवून वर डावीकडे फेकायची. तीच 'रे'ची मात्रा. मोजा आता. चार.

'सायली'वर शिरोरेषा दिलीच नाही, हे लक्षात आलं असेल. सहीत चालतं ते. पण तुमच्या नावात 'ध' किंवा 'भ' असेल तर जपून. शिरोरेषा गेली की 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतला फरक फक्त सुरुवातीच्या गाठीवर राहतो. 'धनश्री'ने ती गाठ ठसठशीत काढावी, नाहीतर तिची 'घनश्री' होते.

हा सगळा खटाटोप काही नवा नाही. मोडी लिहिणारे कारकून हेच करायचे. देवनागरीत आपण अक्षरं लिहून वर रेघ मारतो, मोडीत रेघ आधी आखायची आणि अक्षरं तिला खाली लटकवत, हात शक्य तितका न उचलता, पुढे जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडही ठेवलेली नव्हती, वेलांटी एकच. वेगासाठी लिपीने काय काय सोडून दिलं हे बघायचं असेल तर मोडीचा तक्ता एकदा जरूर चाळा. सहीसाठी त्यातली एखादी कल्पना नक्की सापडेल.

आता वेगळेपणाचा प्रश्न. सही वेगळी दिसावी म्हणून खाली दोन रेघा, शेजारी दोन टिंबं, कडेने एक गोल, असा साज चढवायची हौस अनेकांना असते. माझ्या मते हे सगळं वाया. या गोष्टी सुट्या असतात, सावकाश काढल्या तरी तशाच दिसतात, म्हणून नक्कल करायला सर्वांत सोप्या. नक्कल करणाऱ्याला खरा त्रास होतो तो वेगाचा. आकार जुळवायला तो हळू जातो आणि मग रेघ थरथरते, मध्येच थांबल्याच्या खुणा पडतात, टोकं बोथट येतात. वेगात सोडलेल्या रेघेचं टोक शेपटीसारखं निमुळतं होत जातं. हस्ताक्षर तपासणारे तज्ज्ञ अक्षरांच्या आकाराइतकंच या खुणांकडेही बघतात.

याच खुणा तुमच्या नव्या सहीतही शोधा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. कमानीवर थरथर दिसतेय? टोकाला शाईचा ठिपका साचलाय? मग ती सही अजून 'काढली' जातेय, 'होत' नाहीये. तुमचीच सही, पण तज्ज्ञाला ती बनावट वाटावी अशा अवस्थेत आहे.

म्हणून सराव हळूहळू गिरवून करू नका. पूर्ण सही दोन-तीन सेकंदांत व्हायला हवी, त्याच वेगात वीस वेळा करा. मग कागद उलटा फिरवा. उलट्या कागदावर नाव वाचता येत नाही, त्यामुळे डोळ्यांना नुसता आकार दिसतो. कमान अक्षरांच्या मानाने किती उंच आहे, सहीचा कल कुठे झुकतोय, दोन शब्दांत अंतर किती, या तीन गोष्टी विसांतल्या बहुतेक सह्यांत सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी जागा सतत बिघडत असेल तर हाताला दोष देऊ नका, तिथलं वळण बदला. 'य'कडून 'ल'कडे जाताना अडखळत असाल तर तिथे पेन उचला. चाराच्या पाच रेघा झाल्या म्हणून काही अडत नाही.

पण सारखी म्हणजे हुबेहूब नाही हं. १८६८ मध्ये अमेरिकेत एका मृत्युपत्राचा खटला गाजला होता. सिल्व्हिया अ‍ॅन हाऊलंड या श्रीमंत बाईंच्या भाचीने, हेटीने, एक जादा पान पुढे केलं. त्यावरची सही मूळ मृत्युपत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळत होती. इतकी की तेच संशयाचं कारण ठरलं. हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पीअर्स यांनी बाईंच्या ४२ सह्या घेतल्या आणि प्रत्येक सहीतल्या खाली येणाऱ्या ३० रेघा दोन-दोन सह्यांत ताडून बघितल्या. खऱ्या सह्यांत सरासरी पाचातली एखादीच रेघ जुळत होती. वादातल्या सहीत तीसच्या तीस! म्हणजे ती वरून गिरवलेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. निकाल शेवटी वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला, पण माणसाची खरी सही थोडी हलते, हे त्यातून दिसलं. हलू द्या. प्रमाण आणि वेग तेवढा धरून ठेवा.

आता चौकट. बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा घ्या. ऑनलाइन अर्जात सहीचं चित्र साधारण १४० बाय ६० पिक्सेलचं मागतात, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीच्या आसपास. कागदावर सात सेंटिमीटर बाय तीनची चौकट आखा, सही तिच्यात बसवा, फोटो काढून लहान करून बघा. कमान तिप्पट उंच ठेवली असेल तर बाकीचं नाव मुंगीएवढं होतं आणि बारीक गाठी भरून काळ्या दिसतात. म्हणूनच वर दुप्पट म्हटलं. आणि हो, इंग्रजीत सही करणाऱ्यांसाठी, सगळी कॅपिटल अक्षरं असलेली सही हीच परीक्षा स्वीकारत नाही.

हे सगळं आत्ता करायचं कारण बँक. लहानपणी उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर बँक सहीचा नवा नमुना घेते आणि पुढे चेक त्याच्याशी ताडून बघते. जुळली नाही तर चेक परत. नंतर सही बदलता येते, पण अर्ज करा, नवा नमुना द्या, आधी जिथे जिथे जुनी दिली तिथे निस्तरत बसा. तेव्हा बँकेत जाण्याआधी आठवडाभर वहीच्या मागच्या पानांवर नवी सही रुळू द्या. त्या दिवशी काउंटरवर उभ्याने, दोरीला बांधलेल्या पेनने करू नका. स्वतःचं पेन न्या, बसायला जागा मागा, रद्दी कागदावर चार-पाच सह्या करून हात मोकळा करा आणि मग नमुन्याच्या कार्डावर नेहमीच्याच वेगाने करा. कार्ड आहे म्हणून सावकाश, कोरून केलेली सही पुढे तुमची तुम्हालाच जुळवता येत नाही.