"नुसतं टेस्टिंग, काम काही नाही"

संध्याकाळी सातच्या सुमारास माझा रेडिओ सेट चालू असतो. परवा त्यावर एक तरुण आवाज आला. आधी VU3 ने सुरू होणारी स्वतःची कॉल साइन, मग थोडा अडखळत: "हॅलो, कोणी ऐकतंय का? नुसतं टेस्टिंग करतोय, काम काही नाही. ओव्हर." आवाज नवखा होता. परवाना बहुधा नुकताच हातात पडला असावा.

हौशी रेडिओवाले, म्हणजे आम्ही हॅम लोक, याला रेडिओ चेक म्हणतो. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळाला की सरकार प्रत्येकाला स्वतःची कॉल साइन देतं. मग तो सेट घेतो, बटण दाबतो आणि बोलतो. पण आपलं बोलणं बाहेर कसं पडतंय, हे बोलणाऱ्याला स्वतःला कधीच ऐकू येत नाही. सेटवर लाल दिवा लागतो, पण वीज अँटेनातून बाहेर गेली की सैल कनेक्टरमध्येच जिरली, हे तो दिवा सांगत नाही. ते फक्त पलीकडचा माणूस सांगू शकतो. म्हणून "काम काही नाही" म्हणणाऱ्याला एक गोष्ट नक्की हवी असते: मी तुम्हाला कसा ऐकू येतोय?

कोणीच उत्तर दिलं नाही तर त्याला काहीच कळत नाही. सेट बिघडलाय की जेवणाच्या वेळेमुळे ऐकायला कोणी नाही, हे शांततेवरून ओळखता येत नाही. त्यामुळे रेडिओ चेक कानावर पडला आणि हात मोकळा असला, तर मी उत्तर देतोच.

त्या मुलाला माझ्याआधी दुसऱ्या एकाने उत्तर दिलं: "फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन, सेव्हन्टी थ्री!" सेव्हन्टी थ्री म्हणजे शुभेच्छा. फाइव्ह नाइन म्हणजे पैकीच्या पैकी गुण. मुलाने खूश होऊन आभार मानले. मला मात्र राहवलं नाही, कारण ते गुण खोटे होते.

ही गुणांची पद्धत 1934 साली आर्थर ब्राटेन या अमेरिकन हॅमने आखली. पहिला आकडा बोलणं किती समजतंय याचा, 1 ते 5. पाच म्हणजे विनासायास प्रत्येक शब्द कळतोय, तीन म्हणजे कान टवकारावे लागताहेत, एक म्हणजे काहीच कळत नाही. दुसरा आकडा सिग्नलच्या जोराचा, 1 ते 9, आणि तो बहुतेक सेटवरच्या मीटरवर पाहून देतात. तिसरा आकडा मोर्सच्या सुरापुरता, बोलण्यात तो लागत नाही. स्पर्धांमध्ये वेळ वाचवायला सगळेच एकमेकांना सर्रास फाइव्ह नाइन देतात आणि तिथे ते चालून जातं. ती सवय चाचणीच्या वेळी लागली की नवख्याचं नुकसान होतं.

इथे घोटाळा आणखी वेगळा होता. मुलगा रिपीटरवरून बोलत होता. हातात मावणाऱ्या सेटची ताकद जेमतेम 5 वॉट. शहरातल्या इमारतींच्या गर्दीत ती फार लांब पोहोचत नाही, म्हणून डोंगरावर एक यंत्र बसवलेलं असतं. ते एका फ्रिक्वेन्सीवर त्याचं बोलणं ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून जोरात पुन्हा सोडतं. माझ्या मीटरचा काटा पार टोकाला जातो, पण तो डोंगरावरच्या रिपीटरच्या जोराने. मुलाचा सिग्नल किती, हे त्या काट्यावर दिसतच नाही. रिपीटरवर "नाइन" सांगणं म्हणजे पत्र कोणाचंही असो, पोस्टमनच्या तब्येतीचा दाखला देणं. मुलाच्या सिग्नलची खूण आवाजातच शोधावी लागते. रिपीटरला तो नीट पोहोचत असेल तर आवाजामागे शांतता असते. कमी पडत असेल तर शब्दांमागे तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर येते, कारण रिपीटर ती चरचरही इमानाने पुढे पाठवतो.

मुलाच्या बोलण्यात ती चरचर स्पष्ट होती. शिवाय प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द अर्धा गायब होता.

मी त्याची कॉल साइन घेतली, माझी सांगितली आणि म्हणालो, "मी कोथरूडला आहे, अँटेना गच्चीवर. तुमचं बोलणं समजतंय, पण कष्टाने. रीडेबिलिटी तीन. मागे खरखर आहे आणि पहिला शब्द कापला जातोय. तुम्ही आत्ता कुठे उभे आहात? ओव्हर." मी कुठून, कोणत्या अँटेनावर ऐकतोय हे सांगायला हवं. ते माहीत नसेल तर माझ्या आकड्यावरून त्याला काय समजणार?

"सर, हॉलमध्ये, सोफ्यावर बसलोय. ओव्हर."

"सेट उभा धरा, आडवा नको. बाल्कनीत जा. बटण दाबल्यावर मनात एक म्हणा आणि मग बोला. सेट तोंडापासून चार बोटं लांब. ओव्हर."

मिनिटभराने आवाज आला तो स्वच्छ. चरचर जवळजवळ गेली, पहिला शब्दही पूर्ण ऐकू आला. भिंतींच्या काँक्रीटमधल्या सळया सिग्नल अडवतात आणि आडव्या अँटेनाचा सूर रिपीटरच्या उभ्या अँटेनाशी जुळत नाही. शब्द कापला जात होता त्याचं कारण साधं. बटण दाबल्यावर रिपीटरला जागं व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात बोललेलं वाया जातं. "आता रीडेबिलिटी पाच," मी सांगितलं, "मागे किंचित खरखर आहे, ती अँटेनाची."

"सर, जास्त पॉवरचा सेट घेऊ का?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. जोराच्या मोजपट्टीवर एक घर वर जायला चौपट ताकद लागते. पाचाचे वीस वॉट केले तरी पलीकडचा काटा एकाच घराने सरकतो. हॉलमधून बाल्कनीत येण्याने त्याहून जास्त मिळालं होतं आणि त्याला खर्च शून्य. मी त्याला 145 मेगाहर्ट्झसाठी साधी अँटेना करायला सांगितली: एका सॉकेटवर पितळेची 49 सेंटिमीटरची एक उभी काडी, भोवती तेवढ्याच चार, खाली झुकलेल्या.

एवढं झाल्यावर मी त्याला मोकळं केलं. तो काय शिकतो, राहतो कुठे, हे विचारलं नाही. काम काही नाही असं त्याने आधीच सांगितलं होतं. रिपीटर एका वेळी एकच माणूस वापरू शकतो, त्यामुळे इतर कोणाला बोलायचं असेल तर त्याला जागा हवी. समुद्रावर तर हा शिरस्ता आणखी कडक असतो. बोटींवरच्या रेडिओचं चॅनल 16 संकटाच्या हाकेसाठी असतं आणि चाचणीच्या गप्पांसाठी ते अडवून ठेवायचं नसतं.

माझ्याकडून एक चूक राहिली. सेटवर रिव्हर्स नावाचं बटण असतं. ते दाबलं की रिपीटर वगळून समोरच्याचा थेट सिग्नल ऐकता येतो, पोहोचत असेल तर. तेव्हा मीटरचा काटा खरोखर त्याचाच असतो. त्या दिवशी मला ते सुचलं नाही.

रविवारी सातला तोच आवाज आला. "हॅलो, नुसतं टेस्टिंग, काम काही नाही. नवी अँटेना लावलीय. ओव्हर." या वेळी मी आधी रिव्हर्स दाबलं. काटा सहावर स्थिर होता, आवाजामागे पूर्ण शांतता. फक्त एक बारीक गुणगुण होती, पंख्यासारखी सलग, तो बोलेपर्यंत टिकणारी आणि बटण सोडताच थांबणारी. सेट चार्जरला लावलेला असेल तर अशी येते.

"थेट फाइव्ह सिक्स," मी म्हणालो. "गुणगुण ऐकू येतेय. चार्जर काढून पुन्हा बोला."

दहा सेकंदांनी तो पुन्हा बोलला. गुणगुण गेली होती. लॉगबुकात मी त्याच्या कॉल साइनपुढे वेळ लिहिली, 56 लिहिलं आणि शेरा टाकला: चार्जर काढल्यावर स्वच्छ.