छापलेली घडी

गेल्या महिन्यात भाच्याने मला पाच फोटो पाठवले. ‘श्री ४२०’चं पोस्टर, १९५५ सालचं, पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं, असं विकणाऱ्याचं म्हणणं. कडा तपकिरी झालेल्या, मधोमध घड्यांच्या रेषा, एक कोपरा फाटलेला. खाली एकच ओळ : “मामा, घेऊ का?”

उत्तर दुसऱ्याच फोटोत होतं. पोस्टरवर ट्यूबलाइटची चकाकी पडली होती. ती मधल्या घडीवरून सरळ, कुठेही न मोडता पलीकडे गेली होती. खऱ्या घडीवर असं होत नाही. तिथे कागद किंचित उंचवलेला किंवा खचलेला असतो, त्यामुळे उजेडाची रेघ तिथे तुटते, वाकडी होते. या पोस्टरवर घडी दिसत होती, पण कागदाला घडी नव्हती. ती छापलेली होती.

रिप्रिंट म्हणजे जुन्या पोस्टरचा फोटो काढून किंवा स्कॅन करून केलेली छपाई. त्यामुळे मूळ कागदाच्या अंगावर जे जे होतं, म्हणजे घडी, चिरा, डाग, उडालेली शाई, ते सगळं रिप्रिंटमध्ये चित्राचा भाग होऊन येतं. एवढं ध्यानात ठेवलं की फोटोत काय शोधायचं ते आपोआप कळतं. जुनी पोस्टरं थिएटरांकडे घड्या घालूनच जात. जिथे आडवी आणि उभी घडी एकमेकींना छेदतात, तिथे कागद सर्वात आधी दमतो. शाईचा पापुद्रा उडतो, खालचे पांढुरके तंतू दिसतात, कधी आरपार बारीक भोक पडतं. भाच्याला मी सांगितलं, त्या चौकाचा फोटो मागव, आणि टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकायला सांग. फोटो आला. घड्यांचा चौक सपाट, गुळगुळीत, आणि जिथे शाई उडाल्यासारखी दिसत होती तिथेही शाईचीच चकाकी.

पुढची खूण अक्षरांत असते, आणि मला ती सर्वात भरवशाची वाटते. त्या काळची बरीच पोस्टरं लिथोवर छापली जात. चित्रकाराच्या मूळ चित्रावरून कारागीर प्रत्येक रंग वेगळ्या दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हाताने उतरवून घेई. गालावरची सावली खडूने घासल्यासारखी, अनियमित कणांची. चित्रपटाचं नाव मात्र सलग, भरीव शाईत. आजचं ऑफसेट सगळं चित्र चार रंगांच्या ठिपक्यांत फोडतं : निळा, किरमिजी, पिवळा, काळा. प्रत्येक रंगाची ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनात बसवलेली असल्याने भिंगाखाली ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतात. ही फुलं चेहऱ्यावर दिसली तर लगेच निकाल देऊ नका. चित्रपटाची छायाचित्रं वापरून ऑफसेटवर छापलेल्या अस्सल पोस्टरांतही ठिपके असतातच. पण अस्सल ऑफसेट पोस्टरातलं लाल नाव बहुतेक वेळा एकसंध लाल असतं, कडा कापल्यासारखी स्वच्छ. रिप्रिंटमध्ये तेच अक्षर किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं आणि कड दातेरी, भुरभुरीत होते. घरगुती किंवा डिजिटल प्रिंटरवर काढलेलं असेल तर फुलं नसतात, फवारल्यासारखे बारीक कण असतात. लिथोच्या खडूच्या दाण्याशी त्याची गल्लत होऊ शकते, म्हणून तिथेही नजर अक्षराकडेच न्यावी.

हे फोटोत दिसावं यासाठी घड्याळजीचं दहापट मोठं दाखवणारं भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून अक्षराच्या कडेचा फोटो काढायला सांगायचा. शेजारी एखादं नाणं ठेवायचं, म्हणजे माप कळतं. आणि तो फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की आकार कमी होतो, आणि नेमके ठिपकेच विरघळून जातात.

कागदाचं वय कडेपासून आत सरकतं. पोस्टरांचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा, वर्षं गेली की पिवळा पडणारा आणि ठिसूळ होणारा. घडी घातलेल्या पोस्टरात जे घर बाहेरच्या बाजूला राहिलं ते जास्त काळवंडतं, आत दडलेली घरं तुलनेने उजळ राहतात. म्हणून पाठीचा फोटो पुढच्या बाजूइतकाच महत्त्वाचा. आठ घरांतलं एखादं घर गडद आणि बाकीची फिकट असतील तर मन थोडं निवांत होतं. चहाच्या पाण्यात भिजवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो, किंवा पाणी जिथे साचलं तिथे गडद रेघ सोडतो. नोटा तपासायचा जांभळा दिवाही उपयोगी पडतो. साधारण १९५०नंतर कागदाला पांढरेपणा आणणारी रसायनं हळूहळू वापरात आली आणि ती या दिव्याखाली निळसर उजळतात. १९४०च्या आसपासचं म्हणून विकलेलं पोस्टर लख्ख निळं चमकलं तर तो कागद त्या काळचा नाही. सत्तरच्या दशकातल्या पोस्टराबद्दल मात्र हा दिवा काहीच ठरवत नाही.

तळाच्या बारीक ओळीकडे फारसं कुणी पाहत नाही. तिथे बऱ्याचदा छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो. पत्त्यात ‘बॉम्बे ४’ असं असेल तर ती जुनी पद्धत. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झाला, तेव्हा ४००००४ असं लिहिलेलं पोस्टर १९५५चं असणं शक्य नाही. इंग्रजी पत्त्यात ‘मुंबई’ असेल तर ते बहुधा १९९५नंतरचं. पण असं पोस्टर खोटंच असतं असं नाही. गाजलेले चित्रपट वर्षानुवर्षं पुन्हा लागत आणि प्रत्येक वेळी नवी पोस्टरं छापली जात. तीही अस्सल, फक्त पहिल्या खेपेची नव्हेत. ‘मुघल-ए-आझम’ १९६०चा, रंगीत होऊन पुन्हा आला तो २००४मध्ये. दोन्ही वेळच्या पोस्टरांना आपापली किंमत आहे. मात्र एकाचं नाव सांगून दुसरं विकणं ही फसवणूक.

दुकानांवरच्या इनॅमलच्या जुन्या पाट्यांनाही हाच नियम. काचेचा थर भट्टीत भाजून चढवलेला असतो, रंगावर रंग चढतो, बोट फिरवलं की अक्षराची कड लागते. टवका उडाला की आतलं काळं लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथून पसरतो. नकली पाटीवर गंजाचे डागही छापलेले असतात. स्क्रूच्या भोकाभोवती मात्र एक ओरखडाही नसतो.

फोटोवरून ‘हे खोटं आहे’ हे बरेचदा ठामपणे सांगता येतं. ‘हे खरं आहे’ असं मात्र मी फोटोवरून कधीच सांगत नाही. जाड कापडावर चिकटवलेलं पोस्टर असेल तर पाठच झाकलेली असते. भिंगाचा फोटो हलला तर ठिपकेही दिसत नाहीत. अशा वेळी चोरबाजारात किंवा जिथे असेल तिथे जाऊन कागद हातात घ्यावा.

भाच्याकडे शेवटी लाल नावाचा जवळून काढलेला फोटो आला. अक्षराच्या पोटात किरमिजी आणि पिवळे ठिपके, कडेला दाते. त्याने नको म्हणून कळवलं. पण त्याच फोटोच्या कडेला, त्या पोस्टराखाली, घडी घातलेला दुसरा कागद डोकावत होता. बाहेरचं घर काळवंडलेलं, घडीच्या टोकाला शाई उडून तंतू दिसणारे. कोणत्या चित्रपटाचा ते कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तो उघडून पाठीसकट फोटो पाठवायला सांग.