जुन्या मीमवर नवा चेहरा

'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट १९८८ साली आला, तेव्हा तो पडद्यावर पाहिला गेला. आजच्या पिढीतल्या अनेकांना मात्र धनंजय माने भेटतात ते मोबाइलवरच्या मीममधून. त्यातलं एखादं दृश्य, वर जाड अक्षरांत एक ओळ, खाली दुसरी, आणि पात्रांभोवती कापून चिकटवल्यासारखी पांढरी बॉर्डर. ऑफिसातल्या कुणाचा वाढदिवस आला, कुणाची बदली झाली, की अशोक सराफ यांच्या चेहऱ्याच्या जागी त्या सहकाऱ्याचा चेहरा बसवायची टूम निघते. फेस स्वॅपचं ॲप काही सेकंदांत ते काम करून देतं, आणि तरीही चित्र फसतं. बाकीचं सगळं मळकट, धूसर आणि मधोमध एकच चेहरा काचेसारखा लखलखीत.

अशा वेळी बहुतेक जण चेहरा आणखी सुबक करायला जातात आणि चूक होते ती तिथेच. जुन्या टेम्प्लेटवर चेहरा बसवायचा तर त्याला टेम्प्लेटच्या पातळीवर उतरवावं लागतं. चित्राने जे जे सोसलं, ते त्या चेहऱ्यालाही सोसावं लागतं. त्यासाठी चित्राने नेमकं काय सोसलं, हे आधी समजून घ्यायला हवं.

फोनमधली बहुतेक छायाचित्रं जेपेग प्रकारात साठवली जातात. त्यात चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातले अगदी बारीक, झपाट्याने होणारे बदल टाकून दिले जातात. गालासारखा मऊ, हळूहळू बदलणारा भाग यात बऱ्यापैकी टिकतो. पण काळ्या कडेचं पांढरं अक्षर म्हणजे एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर थेट उडी. ती उडी पुरती मांडता येत नाही, म्हणून अक्षराच्या आजूबाजूला, त्याच चौकोनाच्या हद्दीत, राखाडी ठिपके आणि लहरी उमटतात. अक्षर कपाळाला चिकटून असेल तर त्या लहरी कपाळावरही येतात. रंगाची माहिती तर सहसा आणखी काटकसरीने ठेवतात: चार पिक्सेलमिळून एकच नोंद. त्यामुळे पांढऱ्या बॉर्डरला लागून असलेला लाल ओठ किंवा गव्हाळ कान बॉर्डरमध्ये किंचित पाझरलेला दिसतो.

एकच चित्र त्याच दर्जाने, काहीही न बदलता पुन्हा पुन्हा साठवलं, तर पहिल्या एकदोन वेळांनंतर फारसं नवं नुकसान होत नाही. खरं नुकसान होतं ते मध्ये कुणीतरी स्क्रीनशॉट घेतो, कडेचे चार पिक्सेल कापतो किंवा आकार बदलतो तेव्हा. तसं केलं की चौकोनांची जाळी सरकते आणि जुन्या चौकोनांच्या खुणांवर नवे चौकोन पडतात. जुन्या मीमचा तो ओळखीचा मळकटपणा अशा सरकत गेलेल्या जाळ्यांमुळे येतो.

आता एक उदाहरण धरून चालू. टेम्प्लेट ७२० बाय ७२० पिक्सेलचं आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पात्रं कापून ठेवली आहेत, भोवती पाच पिक्सेलची पांढरी बॉर्डर आहे आणि वरची ओळ मधल्या पात्राच्या केसांवरून, थोडी कपाळावरून गेली आहे. बदलायचा चेहरा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत ९६ पिक्सेल उंच आहे. ज्या सहकाऱ्याचा चेहरा बसवायचा, त्याच्या फोनमधल्या फोटोत तोच चेहरा १२०० पिक्सेलचा आहे.

सुरुवात चांगली प्रत शोधण्यापासून करावी. एकाच टेम्प्लेटच्या अनेक प्रती फिरत असतात. त्यातली सर्वात मोठी आणि स्क्रीनशॉट नसलेली प्रत घ्यावी. संगणकावर इमेजमॅजिक असेल, तर ती शेवटी कोणत्या दर्जाने साठवली गेली त्याचा अंदाज एका ओळीत मिळतो:

```
identify -format "%Q" template.jpg
```

समजा उत्तर ६८ आलं. हा आकडा फक्त शेवटच्या वेळेचा असतो, आधीच्या प्रवासाबद्दल तो काही सांगत नाही. पण पुढे तो कामाला येतो, म्हणून टिपून ठेवावा.

यानंतर चेहऱ्याला हात लावण्याआधी जुनी ओळ पुसायची. कपाळावर अक्षरं तशीच ठेवून फेस स्वॅप केलं, तर हमखास दोनपैकी एक बिघाड होतो. एक तर ॲपला डोळे, नाक, ओठांचे कोपरे नीट सापडत नाहीत आणि चेहरा तिरका बसतो, नाहीतर ॲप अक्षरांनाच कातडी समजून त्यांचा लगदा करतं. केस आणि कपाळ शेजारच्या भागातून ब्रशने भरून घ्यावं. ते अगदी हुबेहूब जमलं नाही तरी चालतं, कारण नवी ओळ पुन्हा तिथेच येणार आहे.

मग चेहरा. फेस स्वॅपच्या बऱ्याच मोफत साधनांमागे `inswapper_128` हे मॉडेल असतं. नावाप्रमाणेच ते चेहरा १२८ बाय १२८ पिक्सेलच्या चौकटीत तयार करतं. ९६ पिक्सेलच्या चेहऱ्याला तेवढं पुरेसं आहे. घोळ होतो तो पुढच्या पायरीत. चेहरा उजळून रेखीव करणारं `GFPGAN` सारखं साधन अनेकदा आपोआप चालू असतं आणि ते पापणीचा केस न् केस कोरून काढतं. ते बंद ठेवावं. हाताने काम करत असाल तर फोटोतला चेहरा कापून आठ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे १२०० चे ९६ होतात. पण शेजारचे दोन चेहरे मूळ चित्रफितीतून, पुढे कुठल्यातरी लहान प्रतीतून मोठे झालेले असतात. म्हणून नवा चेहरा आधी ७२ पिक्सेलपर्यंत लहान करून पुन्हा ९६ वर आणावा. एवढ्याने त्याला तोच मऊपणा येतो, वेगळा ब्लर द्यावा लागत नाही.

रंग जुळवताना नजरेवर विसंबू नये. शेजारच्या पात्राच्या केसांतला सर्वात काळा भाग रंग मोजणाऱ्या ड्रॉपरने तपासावा. जुन्या चित्रात तो क्वचितच पूर्ण काळा असतो. ० ते २५५ या मोजपट्टीवर तो २५च्या आसपास भरला, तर नव्या चेहऱ्यातला सर्वात गडद भागही 'लेव्हल्स'मधून २५वर उचलावा. गालाचंही तसंच. आजच्या फोनचा चेहरा गुलाबी-निळसर झाकेचा असतो आणि जुन्या चित्रफितीचा पिवळट. हा फरक राहिला, तर बाकी सगळं जमूनही चेहरा परका वाटतो.

पांढरी बॉर्डर जुनी ठेवू नये. सहकाऱ्याचे कान थोडे बाहेर असले किंवा गाल भरलेला असला, तर तो भाग जुन्या बॉर्डरवर चढतो आणि चिकटवल्याचं लगेच कळतं. नव्या चेहऱ्यासकट पात्राची कड निवडायची, ती निवड पाच पिक्सेलने वाढवायची आणि पात्राच्या खालच्या लेयरवर पांढरा रंग भरायचा. गिंपमध्ये यासाठी 'ग्रो' हा पर्याय आहे. पुसलेल्या जुन्या बॉर्डरच्या खुणा पिवळ्या पार्श्वभूमीवर राहिल्या असतील, तर त्याही याच वेळी साफ कराव्यात.

यानंतरची पायरी बहुतेकांच्या हातून सुटते, आणि निकाल तिच्यावरच ठरतो. चेहरा आणि बॉर्डर जागेवर बसली, पण अक्षरं अजून आलेली नाहीत. अशा अवस्थेत चित्र मूळ आकारातच, ६८ या दर्जाने जेपेग म्हणून साठवायचं:

```
magick kaam.png -sampling-factor 4:2:0 -quality 68 june.jpg
```

आकार तोच असल्याने चौकोनांची जाळीही तीच राहते. टेम्प्लेटच्या जुन्या भागाने हे सगळं आधीच भोगलेलं असतं, त्यामुळे त्यात जवळपास काही बदलत नाही. नव्या चेहऱ्यावर आणि बॉर्डरवर मात्र तेच चौकोन आणि तोच पाझर उमटतो. वर ओळीसाठी पट्टी जोडायची असेल, तर तिची उंची १६च्या पटीत घ्यावी, उदाहरणार्थ ९६ पिक्सेल. रंगाची नोंद दोन्ही दिशांनी निम्मी ठेवली असेल, तर जेपेगचं काम १६ बाय १६च्या गटांत चालतं. ९० किंवा १०० पिक्सेल घेतले तर जाळी सरकते आणि सगळं चित्र पुन्हा एकदा खराब होतं.

अक्षरं सर्वात शेवटी. इंग्रजी मीमचा ठरलेला फॉन्ट इम्पॅक्ट. जेफ्री ली यांनी तो १९६५ साली तयार केला. त्यात देवनागरी नाही, म्हणून मराठीसाठी एक टाइपचे मुक्त किंवा बलू हे फॉन्ट जाड वजनात वापरता येतात. काळी कड अक्षराच्या मागे जाईल अशी द्यावी. ती अक्षराच्या रेषेवर मध्ये बसवली, तर निम्मी कड आत शिरते आणि पांढरा भाग खाते. रोमन अक्षर ते सहन करतं, पण मराठीतला अनुस्वाराचा टिंब आणि रफाराचा आकडा त्यात बारीक होतो आणि पुढच्या दोनतीन प्रवासांत शिरोरेघेत विरघळून जातो. अक्षरं ६४ पिक्सेलची असतील तर चार पिक्सेलची कड पुरे. मग सगळं चित्र ९० दर्जाने साठवावं. ग्रुपवर पाठवताना ते पुन्हा दाबलं जाणारच, तेव्हा अक्षरांना तेवढी पुंजी हाताशी हवी.

काम जमलं की नाही, हे पाहायला टेम्प्लेटमधले न बदललेले चेहरेच उत्तम माप आहेत. चित्र चारशे टक्क्यांवर उघडून तिघांचे डोळे शेजारी शेजारी पाहावेत. बाजूच्या दोघांच्या पापण्या म्हणजे नुसता काळपट डाग, आणि मधल्याच्या पापण्या मोजता येतात? मग चेहरा अजून पुरेसा खाली उतरलेला नाही. उलट मधला चेहरा गुळगुळीत आणि बाकीच्यांच्या गालावर चौकोन, तर साठवण्याची पायरी राहिली आहे. नंतर तेच चित्र फोनवर, ग्रुपमध्ये दिसतं तेवढ्या आकारात पाहावं. तिथे नजर आधी ओळीवर आणि मग चेहऱ्यावर गेली पाहिजे. सुरुवातीलाच चेहऱ्यावर थांबत असेल, तर रंगातली तफावत बाकी आहे.

याला मर्यादाही आहेत. टेम्प्लेटमधला चेहरा जेमतेम ३०-४० पिक्सेलचा असेल, तर एवढा खटाटोप करूनही सहकारी ओळखू येणार नाही. तिथे चष्मा, मिशी, टक्कल अशी एखादी ठळक खूणच कामी येते. मूळ पात्र बाजूला पाहत असेल आणि आपला फोटो समोरून काढलेला असेल, तर रंग-पोत कितीही जुळवा, नाक चुकीच्या दिशेलाच राहतं. त्याच कोनातला, त्याच बाजूने प्रकाश पडलेला फोटो मागून घेणं हाच उपाय.

फोटो मागताना तो कशासाठी हवा आहे, हेही त्या माणसाला सांगावं आणि त्याचा होकार घ्यावा. पुन्हा पुन्हा दाबलेल्या चित्रात बनवेगिरीच्या खुणा पुसट होतात. वर सांगितलेली कृती तर त्या मुद्दामच पुसते. बनवाबनवीच्या दृश्यात, जाड अक्षरांच्या खाली, ही थट्टा आहे हे कुणालाही कळतं. तीच कृती भाषणाच्या किंवा पोलीस ठाण्याबाहेरच्या फोटोवर केली, तर मळकट प्रत पाहून खरं-खोटं ठरवणं जाणकारालाही जड जातं. म्हणून हे कसब मीमपुरतंच वापरावं आणि लेयरसकट मूळ फाइल जपून ठेवावी. कुणी विचारलं, तर कोणता चेहरा कुठून आला हे तिच्यावरून दाखवता येतं.