तारखेआधीची तारीख

इटलीत राहणाऱ्या कामगाराच्या दारात टपालवाला हिरवा लिफाफा घेऊन आला, की तो साधा पत्रव्यवहार नसतो. न्यायालयीन कागद आणि दंडाच्या नोटिसा अशा लिफाफ्यातून येतात. आत दहा-पंधरा पानं निघतात आणि ती सगळी इटालियनमध्ये असतात. फौजदारी खटल्यात आरोपीला ती भाषा येत नसेल, तर मुख्य कागदांचा अनुवाद करून देणं यंत्रणेवर बंधनकारक आहे. दिवाणी आणि कामगार दाव्यांत मात्र कागद इटालियनमध्येच येतो आणि तो समजून घेण्याची सोय ज्याची त्याने करायची असते. लाटिनाच्या शेतांत किंवा उत्तरेकडच्या गोठ्यांत पंजाबी कामगारांना निदान आसपास चार जाणकार भेटतात. एकट्यादुकट्या मराठी माणसाला बहुधा ओळखीतला कुणीतरी गाठावा लागतो. त्या ‘कुणीतरी’ने काय पाहावं, हे एका नमुन्यावरून समजून घेऊ.

समजा, गोदामात काम करणाऱ्या एका माणसाला तीन महिने पगार मिळाला नाही, म्हणून त्याने नोकरी सोडली. मालकाने उलट त्याच्यावरच दावा लावला की, हा पूर्वसूचना न देता गेला, तेव्हा सूचनेच्या काळाचे १,४०० युरो भरून द्यावेत. कागद २४ जुलै २०२५ रोजी कामगाराच्या हातात पडला.

लिफाफ्यात एकावर एक तीन वेगळे कागद असतात आणि ते वेगळे ओळखणं ही पहिली पायरी. सर्वांत जाड असतो तो ‘रिकोर्सो’, म्हणजे मालकाच्या वकिलाने लिहिलेला दावा-अर्ज. त्यातली वाक्यं ठाम असतात, पण ते न्यायालयाचं म्हणणं नव्हे. अनुवादात हे पानोपानी स्पष्ट राहिलं नाही, तर वाचणाऱ्याला निकालच लागल्यासारखं वाटतं. दुसरा कागद बहुधा एका पानाचा, न्यायाधीशांचा आदेश. सुनावणीची तारीख आणि वेळ त्यात असते. तिसरी ‘रेलाता’, म्हणजे कागद कसा आणि केव्हा बजावला याची नोंद. या बाडात आपल्या माणसाचा उल्लेख ‘कोन्वेनूतो’ किंवा ‘रेझिस्तेन्ते’ असा येतो. दोन्हीचा अर्थ प्रतिवादी. इथे ‘आरोपी’ लिहिलं तर घरात विनाकारण रडारड होते. ‘तेस्तिमोने’ असेल तर त्याला केवळ साक्षीला बोलावलं आहे आणि पुढची सगळी दिशाच बदलते.

आता न्यायाधीशांचं ते एक पान नीट पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१५चा आधार घेऊन त्यात म्हटलेलं असतं: सुनावणी ९ सप्टेंबर २०२५ रोजी, सकाळी साडेदहाला, पक्षकारांनी जातीने हजर राहावं. इतका सरळ मजकूर वाचून कुणालाही वाटेल, की त्या दिवशी पगाराच्या पावत्या पिशवीत घालून जावं आणि साहेबांना सगळं सांगावं. आपल्याकडच्या कोर्टाची सवय असलेल्याला तर आणखी वाटतं, की पहिल्या तारखेला वकील उभा करू आणि कैफियतीसाठी मुदत मागू.

इथेच घात होतो. त्याच संहितेच्या कलम ४१६नुसार प्रतिवादीने सुनावणीच्या किमान १० दिवस आधी लेखी बचाव, म्हणजे ‘मेमोरिया दिफेन्सीवा’, दाखल करायचा असतो. आपला बचाव, साक्षीदारांची नावं, कागदपुरावे आणि मालकाकडून काही येणं असेल तर तो प्रतिदावा, हे सारं त्यातच मांडावं लागतं. मालकाच्या प्रत्येक आरोपाला नेमकं उत्तर द्यावं लागतं. ‘सगळं खोटं आहे’ एवढं म्हणून भागत नाही. मुदत टळली की प्रतिदावा करण्याचा आणि आपले पुरावे देण्याचा हक्क त्या दाव्यापुरता बुडतो. या बुडण्याला ‘देकादेन्त्सा’ म्हणतात. साध्या दिवाणी समन्समध्ये असा इशारा छापणं सक्तीचं आहे. कामगार दाव्याच्या कागदावर तशी सक्ती नाही. म्हणजे अनुवादकाने शब्दन् शब्द अचूक उतरवला, तरी सर्वांत महत्त्वाची तारीख अनुवादात येणार नाही, कारण ती मूळ कागदावरच नाही.

ती मोजून काढावी लागते. ९ सप्टेंबर सोडून उलटे दहा दिवस मोजले की ३० ऑगस्ट येतो. तो शनिवार. मुदत उलट मोजायची असल्याने ती सोमवारी ढकलली जात नाही, तर मागे सरकते आणि शुक्रवार, २९ ऑगस्ट हा शेवटचा दिवस ठरतो. त्यातून ऑगस्ट हा इटलीत सुट्ट्यांचा महिना. १ ते ३१ ऑगस्ट दिवाणी मुदती थांबतात, हे अनेकांनी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण कामगार दाव्यांना ही सवलत नाही. इथे घड्याळ चालूच राहतं, वकिलांची कार्यालयं मात्र बंद असतात.

आपल्या नमुन्यातल्या माणसाचा बचाव खरं तर भक्कम आहे. पगारच थकला असेल तर तेवढ्या सबळ कारणावरून पूर्वसूचना न देता नोकरी सोडता येते, ही तरतूद इटलीच्या नागरी संहितेच्या कलम २११९मध्ये आहे. पण त्यासाठी पगार जमा न झाल्याचं दाखवणारा बँकेचा उतारा, मालकाला पाठवलेले मेसेज आणि साक्ष द्यायला तयार असलेला सहकारी, हे २९ ऑगस्टपर्यंत कागदावर यायला हवं. शिवाय थकलेला पगार याच दाव्यात मागायचा, तर त्या प्रतिदाव्यासाठी सुनावणीची नवी तारीखही त्याच कागदात मागावी लागते.

वकील टाळता येत नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची मुभा फक्त १२९.११ युरोंपर्यंतच्या दाव्यांत आहे. उत्पन्न कमी असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि तो हक्क इटलीत कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही आहे. भारतातल्या उत्पन्नाबद्दल वकिलातीचा दाखला मागतात, तेव्हा ते काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावं.

दुसरी गल्लत बजावणीच्या तारखेची होते. टपालवाला आला तेव्हा घरी कुणी नसेल, तर लिफाफा पोस्टात राहतो आणि सूचनेचं वेगळं रजिस्टर पत्र येतं. ते पाठवल्यापासून १० दिवसांत लिफाफा उचलला नाही, तरी कायद्याच्या लेखी तो बजावला गेला. घर बदललं पण नगरपालिकेत पत्ता बदलला नाही, अशा माणसाच्या बाबतीत हे हमखास होतं. बजावणी आणि सुनावणी यांत किमान ३० दिवसांचं अंतर असावं लागतं. कमी पडलं तर तो वकिलाच्या हातातला मुद्दा असतो. म्हणून रिकामा लिफाफाही फेकू नये, त्यावरचे शिक्के हा पुरावा असतो.

अनुवादकाने तारखांची ही मोजणी अनुवादात घुसवू नये. अनुवाद मूळ कागदाबरहुकूमच असावा आणि मुख्य संज्ञांचं इटालियन रूप शेजारी देवनागरीत असावं, म्हणजे वकिलाच्या तोंडून तो शब्द आला की कामगाराला ओळखता येईल. वेगळ्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात: तुम्ही या दाव्यात कोण आहात, समोरचा नेमकं काय मागतो आहे, कागद कधी बजावला गेला आणि सुनावणीआधीची कोणती तारीख वकिलाकडून आजच पक्की करून घ्यायची आहे.

मुदत हुकलीच, तरीही सुनावणीला जावं. गैरहजर राहणं म्हणजे दावा कबूल करणं नव्हे. उशिरा वकील उभा करून मालकाच्या पुराव्यातल्या त्रुटी दाखवता येतात, न्यायाधीश पक्षकारांना थेट प्रश्न विचारतात, समझोत्याचा प्रयत्न करतात आणि गरज वाटल्यास स्वतःहून पुरावा मागवू शकतात. मात्र आपला साक्षीदार बोलावण्याचा हक्क तेव्हा आपल्या हातात उरलेला नसतो. तो हातात असतो २९ ऑगस्टपर्यंत.