शिफारसपत्र अरबीत जाते तेव्हा

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिफारसपत्र बहुधा इंग्रजीतच लिहिले जाते. लेटरहेडवर तीन-चार परिच्छेद, खाली सही आणि शिक्का. विद्यार्थी अमेरिकेला किंवा जर्मनीला जाणार असेल तर प्रश्न तिथेच संपतो. पण सौदी अरेबियातल्या एखाद्या विद्यापीठाच्या अरबी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आणि त्यांनी कागदपत्रांचे अरबी भाषांतर मागितले, तर ते पत्र आधी भाषांतरकाराच्या टेबलावर जाते.

समजा, किरण नावाच्या विद्यार्थ्यासाठी इतिहासाच्या सरांनी पत्र लिहिले आहे. 'विद्यार्थ्यासाठी' की 'विद्यार्थिनीसाठी'? भाषांतरकाराची पहिली अडचण हीच. सरांनी इंग्रजीत सगळीकडे 'कँडिडेट' लिहिले आहे, त्यामुळे मुलगा की मुलगी ते कुठेच कळत नाही. मराठीसारखीच अरबीतही लिंग सांगितल्याशिवाय सुटका नाही. मुलगा असेल तर 'तालिब' आणि मुलगी असेल तर 'तालिबा'. त्याने लिहिले तर 'कतब', तिने लिहिले तर 'कतबत'. अंदाजाने एक लिंग धरले आणि चुकले, तर पत्र दुसऱ्याच कुणाचे तरी वाटते. म्हणून आधी पासपोर्ट मागवायचा. आपली किरण मुलगी आहे.

पासपोर्ट नावासाठीही लागतोच. तिचे आडनाव गायकवाड आहे असे धरू. प्रमाण अरबी वर्णमालेत 'ग'साठी अक्षर नाही. इजिप्तमध्ये 'जीम' या अक्षराचा उच्चार 'ग' असा करतात, म्हणून तिथे ते अक्षर चालते. सौदीत मात्र तेच आडनाव कोणी 'जायकवाड' असे वाचेल, म्हणून तिथे 'गैन' हे अक्षर जास्त सोयीचे. पाटलांचे तर 'बातील' होतात, कारण अरबीत 'प'ही नाही आणि 'ट'ही नाही. यात एकच बरोबर उत्तर नसते. एकदा ठरवलेले स्पेलिंग अर्जात, गुणपत्रिकेच्या भाषांतरात आणि शिफारसपत्रात तेच ठेवायचे आणि शेजारी कंसात पासपोर्टवरचे रोमन नाव द्यायचे, एवढे पुरते.

मायना आणि समारोप यांत भाषांतरकाराला मोकळीक असते, आणि ती त्याने घ्यावी. इंग्रजीतल्या 'डिअर सर'चे शब्दशः अरबी केले तर पत्र पोरकट दिसते. सौदी पद्धतीत प्रवेश विभागाच्या अधिष्ठात्यांना 'सआदत' असे संबोधतात. मंत्र्याच्या दर्जाच्या व्यक्तीला 'मआली' आणि धर्मशास्त्राच्या विद्वानाला 'फजीलत' म्हणतात. नाव माहीत नसेल तर 'इला मन यहुम्मुहुल अम्र', म्हणजे 'ज्यांच्याशी हा विषय संबंधित आहे त्यांस', असे लिहून भागते. मग 'तहिय्या तय्यिबा व बाद' हे अभिवादन. काही भाषांतरकार सवयीने वर 'बिस्मिल्लाह' आणि खाली 'अस्सलामु अलैकुम' घालून देतात. सरांनी ते लिहिलेले नसेल तर त्यांच्या सहीच्या पत्रात ते घालू नये, असे मला वाटते. 'तहिय्या तय्यिबा' पुरेसे औपचारिक आहे आणि ते कोणाच्याही तोंडी शोभते.

अशीच सवयीने शिरणारी आणखी एक ओळ आहे आणि ती जास्त महागात पडते. अरब देशांत कार्यालयीन दाखल्यांच्या शेवटी 'अर्जदाराच्या विनंतीवरून दिले, संस्थेवर कोणतीही जबाबदारी नाही' अशा अर्थाचे वाक्य असते. नोकरीच्या दाखल्यावर ते ठीक. पण शिफारसपत्राच्या साच्यात ते तसेच राहिले, तर वर सरांनी किरणबद्दल खात्री दिली आहे आणि खाली तेच हात झटकत आहेत असा अर्थ होतो. अरबी न येणाऱ्याने भाषांतरकाराला थेट विचारावे, शेवटच्या परिच्छेदात 'मसऊलिय्या' हा शब्द आहे का? असेल तर तो का आहे?

मधला मजकूर मात्र साक्षीसारखा असतो. तिथे काही वाढवायचे नाही आणि काही गाळायचेही नाही. सरांनी लिहिले आहे की किरणचे काम 'क्वाइट गुड' आहे. आपल्याकडच्या इंग्रजीत याचा अर्थ 'चांगलेच' असा होतो. शब्दकोश उघडून त्याचे 'काही प्रमाणात चांगले' असे अरबी केले, तर शिफारस तिथेच संपली. पुढे आहे की ती वर्गात 'आर्ग्यू' करते. सरांच्या दृष्टीने हे कौतुक आहे, कारण पेशवे दफ्तरातल्या एका कागदाची तारीख चुकीची धरली आहे हे तिनेच त्यांना दाखवून दिले होते. अरबीत यासाठी 'तुजादिल' लिहिले तर ती हुज्जत घालते असा वास येतो. 'तुनाकिश', म्हणजे चर्चा करते, हे योग्य. आणि तारखेचा तो प्रसंग भाषांतरात पूर्ण यायला हवा. अनेक भाषांतरांत नेमका असा तपशील गाळून त्या जागी 'उत्तम चारित्र्याची व सुशील' अशी ठरावीक स्तुती येते. वाचणाऱ्या समितीने ती हजार पत्रांत वाचलेली असते.

सगळ्यांत मोठा घोळ होतो श्रेणीचा. किरणला एम.ए.ला 68 टक्के आहेत आणि सरांनी अभिमानाने 'फर्स्ट क्लास' लिहिले आहे. आपल्या टक्केवारीच्या पद्धतीत प्रथम वर्ग 60 पासून सुरू होतो. सौदी विद्यापीठांत साधारणपणे 90 च्या पुढे 'मुम्ताज', 80 च्या पुढे 'जय्यिद जिद्दन', 70 च्या पुढे 'जय्यिद' आणि 60 च्या पुढे 'मकबूल', म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. भाषांतरकाराने उदार होऊन 'फर्स्ट क्लास'चे 'मुम्ताज' केले, तर सोबतची गुणपत्रिका त्याला खोटे पाडते आणि संशय येतो तो किरणवर. 'मकबूल' लिहिले तर तो मूल्यमापनाचा अधिकार स्वतःकडे घेतो आणि मुलीचे नुकसानही करतो. त्याने 'प्रथम वर्ग, 68 टक्के' असेच ठेवावे. पण त्याने सरांना एक फोन मात्र जरूर करावा. वर्गात 42 जण होते आणि किरण तिसरी आली, हे सरांना माहीत आहे, फक्त पत्रात नाही. ते वाक्य अरबीत परस्पर घालायचे नाही. सरांनी मूळ इंग्रजी पत्रात घालून पुन्हा सही करायची आणि मग त्याचे भाषांतर करायचे. 68 हा आकडा रियाधमधल्या वाचणाऱ्याला एकटा काहीच सांगत नाही, 42 मध्ये तिसरी हे लगेच कळते.

आकड्यांवरून आठवले, सौदी आणि इजिप्तच्या लेखनात अंक वेगळे दिसतात. तिथला 5 गोल असतो, आपल्या शून्यासारखा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. टक्केवारी आणि बैठक क्रमांक स्वतः तपासताना हे ध्यानात ठेवा. तारीख मूळ इंग्रजी पत्रातलीच ठेवावी. हिजरी तारीख सोबत दिली तरी चालते, पण 15 जून 2025 ला सौदीत 19 जिल्हज होती आणि भारतात 18, त्यामुळे कुठली धरली हे पाहून घ्यावे.

शेवटी फाइल तयार होते आणि अरबी न येणाऱ्यालाही दिसेल असा दोष तिथे राहू शकतो. अरबी अक्षरे शब्दात एकमेकांना जोडलेली असतात. काही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडत नाहीत हे खरे, पण प्रत्येक अक्षर सुटे आणि ओळ डावीकडून सुरू झालेली दिसली, तर सॉफ्टवेअरने मजकूर मोडला आहे. फोन नंबरापुढचे +91 उडी मारून उलट्या टोकाला गेलेले असणे हीही त्याचीच खूण.

अरबी पानावर सरांची सही नसते. सहीच्या आणि शिक्क्याच्या जागी कंसात 'तौकीअ' आणि 'खत्म' असे लिहितात, खाली भाषांतरकाराचे नाव, सही, शिक्का येतो आणि मूळ इंग्रजी पत्र सोबत जोडतात. वर नोटरीचा शिक्का मारून घेतात, पण नोटरी भाषांतर बरोबर आहे असे सांगत नाही, भाषांतरकाराची सही खरी आहे एवढेच सांगतो. त्यामुळे पाठवण्याआधी अरबी जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी ते पान सरांसमोर मराठीत वाचून दाखवायला सांगावे. इंग्रजी पत्र त्याच्या हातात देऊ नये. ऐकताना सर कुठे थांबवतात ते पाहायचे आणि तेवढी वाक्ये दुरुस्त करून घ्यायची.